घरगुती पेस्ट कंट्रोल शिकायचंय? झुरळांपासून सुरुवात करा

प्रश्न: मला घरगुती पेस्ट कंट्रोलचं काम सुरू करायचं आहे, शक्यतो सुरक्षित पद्धती वापरून. आधी काय शिकू? आणि गिऱ्हाईक दरवर्षी करार करत राहील असं कसं जमवायचं?

आधी एकच कीड नीट शिका: स्वयंपाकघरातलं लहान तपकिरी झुरळ, म्हणजे जर्मन झुरळ. लांबी साधारण दीड सेंटीमीटर, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर उभ्या रेघा. गटारातून येणारं मोठं, लालसर झुरळ वेगळं असतं. त्याचा उगम घराबाहेर असल्यामुळे तिथे मोरीची जाळी आणि पाइपभोवतीच्या फटी बघाव्या लागतात. पहिल्याच भेटीत हा फरक ओळखता आला नाही तर पुढचं सगळं औषध वाया जातं.

जर्मन झुरळाची मादी एका कोशात तीस-चाळीस अंडी घेऊन हिंडते आणि पिल्लं बाहेर पडायच्या जरा आधीच तो कोश टाकते. फवारलेलं औषध कोशातल्या अंड्यांपर्यंत सहसा पोचत नाही. शिवाय बऱ्याच फवाऱ्यांचा झुरळांना त्रास होतो, मग ती विखुरतात आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसतात. फवारणीनंतर पंधरा दिवस शांतता आणि महिन्याभरात पुन्हा तेच, ही तक्रार येते ती यामुळे.

सुरक्षित म्हणजे डब्यावर ‘हर्बल’ लिहिलेलं, असं माझ्या लेखी नाही. औषध कमीत कमी, आणि मूल किंवा मांजर पोचणार नाही अशा फटीत, हे खरं सुरक्षित. म्हणून मी मुख्यतः चिकट सापळे आणि जेल वापरतो. जेल हे विष घातलेलं खाद्य आहे. ते खाल्लेल्या झुरळाची विष्ठा आणि मेलेलं झुरळ इतर झुरळं, विशेषतः पिल्लं, खातात आणि तीही मरतात. मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांच्या आत, ओट्याखालच्या कोपऱ्यांत, फ्रिजच्या मागे लावायचे. त्यांच्या आसपास फवारा किंवा फिनेल लागू द्यायचं नाही, नाहीतर झुरळ जेलला तोंड लावत नाही. ही सूचना घरातल्यांना तोंडीही द्या आणि कागदावरही.

एका घरातलं उदाहरण देतो. आधी नुसते सापळे लावले, औषध काहीच नाही. सकाळी फ्रिजमागच्या सापळ्यात तेवीस झुरळं, बहुतेक पिल्लं. सिंकखाली नऊ, बाकी ठिकाणी एखाददुसरं. पिल्लं फार लांब जात नाहीत, म्हणजे मुख्य वस्ती फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशीच होती. बहुतेक जेल तिकडे लावलं, थोडं सिंकखाली. दोन आठवड्यांनी फ्रिजमागे चार, पण सिंकखाली अजून आठ. तिथले ठिपके जसेच्या तसे होते. वाटलं, झुरळांना हे खाद्य नको झालंय. असं होतं, काही ठिकाणची झुरळं ग्लुकोज टाळतात आणि हा गुण त्यांच्या पिल्लांत उतरतो. तेव्हा वेगळ्या खाद्याचं जेल घ्यावं लागतं. पण इथे कारण साधं निघालं. पाइप ठिबकत होता, त्यामुळे पाणी आयतं मिळत होतं, आणि मोलकरीण रोज तिथे फिनेल टाकत होती. गळती दुरुस्त करून घेतली, पाइपभोवतीचं भोक बुजवलं, फिनेल बंद, ताजं जेल. महिन्याने सगळे सापळे मिळून एक झुरळ.

तारीख, सापळ्याची जागा आणि आकडा लिहिलेला तो कागद गिऱ्हाइकाने स्वतः वाचला, आणि वर्षाच्या कराराचं त्यांनीच काढलं. मी पहिल्या दिवशी करार विकतच नाही. आधी उपचाराच्या दोन-तीन भेटी, त्यांचे पैसे वेगळे. आकडा खाली आला की मग करार, तोही देखरेखीचा: दर तीन महिन्यांनी सापळे बदलायचे, फटी तपासायच्या, जेल फक्त गरज दिसली तर. अंड्यापासून मोठं झुरळ व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात, म्हणून नवी वस्ती फोफावण्याआधी ती सापळ्यात दिसते. काही न फवारता पैसे घेतले तर गिऱ्हाईक कुरकुरेल, अशी भीती नवख्यांना वाटते. सापळा हातात दिला की सहसा कोणी कुरकुरत नाही.

करारात काय येत नाही तेही लिहा: वाळवी, ढेकूण, उंदीर. यांचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. इमारतीत शेजारच्या घरातून झुरळं येत असतील तर पूर्ण निर्मूलनाचा शब्द देऊ नका. तुमच्या आकड्यांत ते लगेच कळतं, सामाईक भिंतीजवळच्या सापळ्यात मोठी झुरळं पुन्हापुन्हा येतात आणि पिल्लं जवळजवळ नसतात.

मुदत संपायच्या महिनाभर आधी वर्षाचे आकडे एका पानावर मांडून घेऊन जा. फोनवर नूतनीकरण मागितलं तर बोलणं भावावर घसरतं.

स्वतःच्या नावाने काम घेण्याआधी एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली काही महिने काढा, आणि तुमच्या भागात लागतो तो परवाना घ्या. औषधाच्या लेबलवर ‘घरात, फटींमध्ये’ असं लिहिलेलं नसेल, तर ते स्वयंपाकघरात आणूच नका.