टाकी सफाई आणि पाइप दुरुस्तीसाठी कोटेशन मागवणारं पत्र कसं लिहावं?

प्रश्न: मी सोसायटीचा नवा सेक्रेटरी आहे. टाक्या साफ करायच्या आहेत आणि दोन डाऊनटेक पाइप गळतायत. तिघांकडून कोटेशन घेतली, पण आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत. पत्रात काय लिहावं?

उत्तर: तुम्ही बहुधा "टाकी सफाई व पाइप दुरुस्तीचे दर कळवा" एवढंच लिहिलं असणार. मग एकजण फक्त गच्चीवरच्या टाक्या धरतो, दुसरा तळटाकीसकट सांगतो, तिसरा जीएसटी शेवटी लावतो. काम किती आणि कोणतं हे सोसायटीने लिहायचं, कंत्राटदाराने फक्त दर भरायचा. मी आमच्या सोसायटीत असंच करतो.

त्यासाठी आधी टेप घेऊन फिरा. टाकीची आतली लांबी, रुंदी आणि ओव्हरफ्लोपर्यंतची उंची मीटरमध्ये मोजून गुणली की घनमीटर येतात. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. पाच मीटर लांब, चार रुंद आणि दोन मीटर पाण्याची उंची असलेली तळटाकी 40,000 लिटरची. बिल्डरच्या नकाशातल्या आकड्यावर विसंबू नका.

पाइपाचं एकक पक्कं करा, खरी गफलत तिथेच होते. समजा, एकाने 310 रुपये लिहिले आणि दुसऱ्याने 950. पहिला स्वस्त वाटतो, पण त्याचा दर रनिंग फुटाचा आहे, दुसऱ्याचा रनिंग मीटरचा. तुमचे पाइप 36 मीटर म्हणजे साधारण 118 फूट असतील, तर पहिल्याचे 36,580 होतात आणि दुसऱ्याचे 34,200. त्यातही एल्बो, टी, युनियन, क्लॅम्प दरात धरलेत की वेगळे, हे विचारलंच नाही तर बिलात ते हमखास वेगळे निघतात.

पत्राचा मजकूर साधारण असा ठेवा:

"महोदय, आमच्या संस्थेच्या खालील कामांसाठी दरपत्रक मागविण्यात येत आहे. हेच पत्र सर्व कंत्राटदारांना पाठविले आहे.
(अ) तळटाकी 40,000 लिटर, एक. गच्चीवरील टाक्या 15,000 लिटर, दोन. गाळ काढून बाहेर नेणे, भिंती-छत प्रेशर जेटने धुणे, धुतलेले पाणी पूर्ण उपसणे व निर्जंतुकीकरण. एकूण रक्कम लिहावी.
(ब) 40 मिमी जीआय पाइप, मीडियम क्लास, अंदाजे 36 मीटर. जुना पाइप काढणे, नवा बसवणे, सर्व फिटिंग, क्लॅम्प, परांची व फोडलेल्या भिंतीचे प्लास्टर धरून दर प्रति रनिंग मीटर. बिल प्रत्यक्ष मोजमापानुसार.
(क) टाक्यांच्या आउटलेटचे व्हॉल्व्ह बदलणे, दर प्रति नग, मेकसह.
जीएसटी वेगळा दाखवावा. जुन्या पाइपांचे भंगार संस्थेचे राहील. जागेची पाहणी रविवारी सकाळी 10 वाजता. दरपत्रक बंद पाकिटात, ठरलेल्या तारखेस सायंकाळी 6 पर्यंत. पाकिटे समितीच्या सभेत एकत्र उघडली जातील."

मापं तुमची घाला. मीडियम क्लास मुद्दाम लिहिला आहे. जीआय पाइपवर रंगाचा पट्टा असतो: लाइटला पिवळा, मीडियमला निळा, हेवीला लाल. माल आला की गेटवरच पट्टा बघायचा. क्लास न लिहिता दर मागवलात तर पिवळा पट्टाच येण्याची शक्यता जास्त.

(क) हा बाब क्रमांक लोक विसरतात. टाकीलगतचा व्हॉल्व्ह आणि त्याचा निपल बदलायला टाकी रिकामी लागते, आणि सफाईच्या दिवशी ती रिकामी असतेच. म्हणून आधी व्हॉल्व्ह, मग सफाई, म्हणजे तोडफोडीचा कचराही धुऊन निघतो. सफाईतही तळटाकी आधी, गच्चीवरच्या नंतर; उलट केलं तर तळाचा गाळ पंपाने स्वच्छ टाकीत चढतो. कामाचा हा क्रम आणि पाणी किती तास बंद राहील, हेही कंत्राटदाराकडून लिहून घ्या.

एक अट मात्र सोडू नका: तळटाकीत माणूस एकटा उतरणार नाही, वर दुसरा उभा राहील आणि पेट्रोल-डिझेलचा पंप टाकीत उतरवणार नाहीत. बंद जागेत त्या धुराने माणूस गुदमरून मरू शकतो. या अटीवर जो हसेल त्याचं पाकीट बाजूला ठेवलेलं बरं.

पाहणीच्या वेळी एखादा वेगळं काही सुचवेल, उदाहरणार्थ जीआयऐवजी सीपीव्हीसी. सूचना चांगली असू शकते, पण त्याच्या एकट्याच्या कोटेशनमध्ये ती घेऊ नका. समितीला पटली तर तिघांनाही सुधारित पत्र पाठवा आणि तारीख चार दिवस पुढे ढकला. पाहणीत कोणी काही विचारलं तर त्याचं उत्तरही तिघांना लेखीच द्या, फोनवर नको. आणि रक्कम समितीच्या खर्चाच्या मर्यादेत बसते का, ते पाकिटं उघडण्याआधी तुमच्या उपविधींत बघून घ्या. बसत नसेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल.