घबराटीत आसरा कशाचा: सोनं, डॉलर की सरकारी रोखे?

प्रश्न: उसाचं बिल जमा झालंय. दीड वर्षाने पोरीच्या कॉलेजला लागेल. बाजार कोसळला तर सोनं, डॉलर-येन की सरकारी रोखे, यातलं काय टिकतं?

मी बँकेच्या ट्रेझरीत होतो, आता कोल्हापुरात निवृत्त आहे.

गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, आपण सोनं घेतो तेव्हा नकळत डॉलरही घेत असतो. जगात भाव डॉलरमध्ये ठरतो. आपला भाव म्हणजे त्याला रुपयाच्या दराने गुणायचं आणि वर आयात शुल्क लावायचं. घबराटीत परदेशी पैसा इथून निघतो, रुपया पडतो आणि सोन्याची पडझड आपल्याकडे कमी जाणवते.

२००८ चं ढोबळ गणित बघा. मार्चमध्ये औंसाला १,००० डॉलर आणि डॉलर ४० रुपयांना, म्हणजे ४०,००० रुपये. नोव्हेंबरात सोनं ७१५ डॉलरवर आलं, कारण नुकसान भरायला लोकांनी जे पटकन विकलं जातं तेच विकलं. डॉलर मात्र ५० च्या आसपास गेला होता, म्हणजे साधारण ३५,७५०. तिकडे २८ टक्के घट, इकडे ११. त्याच संकटात आपल्या सरकारी रोख्यांनी मात्र चक्क कमाई करून दिली. तेल कोसळल्याने महागाईची भीती गेली, रिझर्व्ह बँकेने दर कापले आणि दहा वर्षांच्या रोख्याचा उतारा, म्हणजे बाजारभावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, नऊ टक्क्यांवरून सहाच्या खाली आला. उतारा एक टक्का उतरला की अशा रोख्याची किंमत सहा-सात टक्के चढते.

२०१३ ला नेमकं उलटं झालं. अमेरिका रोखेखरेदी आटोपती घेणार अशी कुणकुण लागली आणि मे ते ऑगस्टमध्ये रुपया ५५ वरून ६८ पलीकडे घसरला. तो सावरायला जुलैत रिझर्व्ह बँकेने पैसा महाग केला, उतारा सव्वासातवरून नऊच्या घरात गेला आणि सरकारी रोख्यांत पैसा लावणारे 'सुरक्षित' गिल्ट फंडवाले हादरले. सोनं दोन्ही टोकांना १,४०० डॉलरच्या आसपासच होतं, तरी रुपयांत ते वीस टक्क्यांहून जास्त चढलं.

म्हणून मी आधी बघतो, भीती कशाची आहे. जगात मंदी आणि तेल स्वस्त, तर लांब मुदतीचे रोखे चालतात. भीती रुपयाचीच असेल तर ते बुडवतात, सोनं सावरतं.

येन नाद करण्यासारखा नाही. स्वस्तात उसना घेतलेला येन घबराटीत परत करावा लागतो म्हणून तो चढतो. पण २०२२ मध्ये जगभर दर वाढले तेव्हा येन आणि अमेरिकी रोखे दोन्ही एकदम पडले.

तुमच्या दीड वर्षाच्या पैशाला मी ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे छोट्या मुदतीचे रोखे, घेईन, ती संपली की १८२ दिवसांची. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून दहा हजारांपासून मिळतात. मुदत छोटी, त्यामुळे दर वर गेले तरी किंमत फार हलत नाही. सोन्यात यातला थोडाच भाग ठेवा, तोही नाणं किंवा शेअरबाजारात मिळणारा सोन्याचा फंड, म्हणजे ईटीएफ. साज केलात तर घडणावळ मोडताना परत मिळत नाही, आणि मार्च २०२० ला टाळेबंदीत दुकानंच बंद होती, मोडायचं कुठं?