पदकांच्या यादीत GER, लोकसंख्येच्या तक्त्यात DEU: नक्की कोणता कोड धरायचा?

"पॅरिस ऑलिंपिकची पदकं आणि वर्ल्ड बँकेची लोकसंख्या एक्सेलमध्ये जोडतोय. भारत बरोबर येतो, पण जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड रिकामे येतात. कोड चुकलेत का?"

कोड दोन्हीकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या संस्थांचे आहेत. वर्ल्ड बँक आयएसओचे तीन अक्षरी कोड वापरते (ISO 3166, पहिली आवृत्ती 1974). पदकांच्या यादीतले कोड आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे, म्हणजे आयओसीचे. खेळांतले हे संक्षेप 1960 च्या दशकापासून चालत आलेत, त्यामुळे आयएसओची यादी आली तेव्हा ते आधीच रुळले होते. भारत सगळीकडे IND, पाकिस्तान सगळीकडे PAK, म्हणून आपल्याला फरक लवकर जाणवत नाही. पण शेजारीच बघा: नेपाळ NEP आणि NPL, श्रीलंका SRI आणि LKA, बांगलादेश BAN आणि BGD. यातलं पहिलं खेळातलं, दुसरं आयएसओचं.

फरक का पडला? खेळांचे संक्षेप बहुतेक इंग्रजी किंवा फ्रेंच नावावरून पडले: जर्मनीचं GER इंग्रजीवरून, स्वित्झर्लंडचं SUI फ्रेंच 'स्विस'वरून. आयएसओमध्ये बऱ्याचदा त्या देशाचं स्वतःचं नाव दिसतं. जर्मन लोक देशाला डॉइचलांड म्हणतात, म्हणून DEU. क्रोएशियाचं स्थानिक नाव ह्रवात्स्का, म्हणून HRV, खेळात मात्र CRO. स्वित्झर्लंडला चार राजभाषा आहेत, तेव्हा लॅटिन 'कॉन्फेडेराशिओ हेल्व्हेटिका'वरून CHE.

फुटबॉलची तऱ्हा आणखी निराळी. 2022 मध्ये आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला, नायजेरिया विरुद्ध जर्मनी. फिफाच्या हिशेबात तो NGA विरुद्ध GER. म्हणजे नायजेरियाचा कोड आयएसओसारखाच आणि जर्मनीचा ऑलिंपिकसारखा! ऑलिंपिकमध्ये नायजेरिया NGR असतो. म्हणून हातातली फाइल कोणाची हे ओळखायला मी दोनच देश बघतो. जर्मनी DEU असेल तर आयएसओ. GER असेल तर नायजेरिया बघायचा: NGR म्हणजे ऑलिंपिक, NGA म्हणजे फिफा. यादीत ENG किंवा SCO दिसले तर प्रश्नच नाही, ती ऑलिंपिकची नव्हे; तिथे ब्रिटन GBR म्हणून एकत्र उतरतो.

तुमच्या रिकाम्या ओळींची मला काळजी नाही, त्या दिसतात तरी. खरी भीती भरलेल्या ओळींची आहे. 2024 च्या गणपतीत सोसायटीतल्या मुलांच्या प्रश्नमंजूषेसाठी मी असाच 'किती लोकांमागे एक पदक' तक्ता केला होता. रिकामे देश हाताने भरले. बहारीनची चार पदकं, लाख-सव्वा लाखामागे एक, म्हणून तो बराच वर गेला. तक्ता बघून शेजारचे काका म्हणाले, "अरे, मी मनामात पंधरा वर्षं काढली. साडेचार लाखांत अख्खं बहारीन कसं मावेल?" ते बरोबर होते. ऑलिंपिकमध्ये BRN म्हणजे बहारीन, आयएसओमध्ये BRN म्हणजे ब्रुनेई. मी बहारीनच्या पदकांना ब्रुनेईच्या लोकसंख्येने भागलं होतं आणि एक्सेलला त्यात काहीच खटकलं नव्हतं. बहारीनची लोकसंख्या पंधरा लाखांच्या वर आहे, म्हणजे खरा आकडा सुमारे चार लाखांमागे एक पदक. आयएसओमध्ये बहारीन BHR, आणि ऑलिंपिकमध्ये ब्रुनेई BRU.

म्हणून दोन फाइली थेट जोडू नका. मध्ये map नावाची एक शीट ठेवा: A मध्ये ऑलिंपिकचा कोड, B मध्ये आयएसओचा, C मध्ये आयएसओ यादीतलं देशाचं नाव. पदकांच्या शीटमध्ये A2 ला कोड असेल तर आयएसओचा कोड असा मिळेल:

```
=VLOOKUP(A2,map!A:B,2,FALSE)
```

शेवटचं FALSE सोडू नका. ते नसेल तर न सापडलेल्या कोडसाठी एक्सेल जवळचा दुसराच कोड उचलतं आणि #N/A दिसायच्या ऐवजी चुकीचा देश मिळतो. map मध्ये सारखे कोडही लिहा, IND समोर IND. जे वेगळे आहेत तेवढेच लिहून बाकीचे 'तसेच धरायचे' ठरवलं, की BRN पुन्हा निसटतो.

EOR ही निर्वासितांच्या संघाची ओळ. पॅरिसमध्ये त्यांना एक कांस्य मिळालं, पण हा देश नव्हे, तेव्हा ती #N/A च राहू द्या.

शेवटी पदकांच्या फाइलमधलं नाव आणि लोकसंख्येच्या फाइलमधलं नाव शेजारी दोन रकान्यांत आणा आणि सगळ्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला. पदकं मिळवणारे देश शंभराच्या आत आहेत, पाच मिनिटांचं काम. माझ्या तक्त्यात हा रकाना असता, तर बहारीनसमोर ब्रुनेई लिहिलेलं तिथेच दिसलं असतं.