ॲपमध्ये शेअर दिसतात, मग डिमॅटमध्ये का नाहीत?

प्रश्न: सोमवारी ५० शेअर घेतले. ब्रोकरच्या ॲपमध्ये लगेच दिसले, पण सीडीएसएलच्या साइटवर माझ्या खात्यात नाहीत. मग शेअर आहेत तरी कुठे? आणि ब्रोकर बुडाला तर?

सोमवारी ते विकणाऱ्याच्याच डिमॅट खात्यात होते. ॲप तुम्हाला सौदा झाल्याचं दाखवतं; शेअर खात्यावर येतात ते सेटलमेंट झाल्यावर. २७ जानेवारी २०२३पासून आपल्या बाजारात सगळ्या शेअर्सना टी प्लस वन लागू आहे, म्हणजे सोमवारच्या सौद्याचे शेअर मंगळवारी येतात. मध्ये सुट्टी आली तर एक दिवस पुढे.

मधल्या वेळात काम करतं ते क्लिअरिंग कॉर्पोरेशन. विकणाऱ्याकडून शेअर आणि तुमच्या ब्रोकरकडून पैसे तेच घेतं, आणि दोघांनाही देणं तेच लागतं. त्यामुळे तुमचे ५० शेअर नेमके कोणाकडून आले, हा प्रश्नच उरत नाही. मंगळवारी पे-आउट, म्हणजे घेणाऱ्यांना शेअरचं वाटप, झाला की डिपॉझिटरीच्या, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या, नोंदीत ते तुमच्या नावावर चढतात. खरी नोंद ती.

पूर्वी हे शेअर आधी ब्रोकरच्या पूल खात्यात यायचे आणि तो ते पुढे ग्राहकाला द्यायचा. ग्राहकांचे शेअर ब्रोकरच्या हाताशी असले की काय होतं, ते २०१९च्या कार्वी प्रकरणात दिसलं: कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर गहाण ठेवून कर्ज उचललं होतं. आता सेबीच्या नियमानुसार पे-आउट थेट ग्राहकाच्या डिमॅटला जातो. म्हणून ब्रोकर बुडाला तरी डिमॅटमध्ये जमा झालेले शेअर तुमचेच राहतात. दुसऱ्या डीपीकडे, म्हणजे डिमॅट खातं उघडून देणाऱ्या दुसऱ्या ब्रोकर किंवा बँकेकडे, खातं उघडून ते तिकडे नेता येतात. ट्रेडिंग खात्यात पडून असलेल्या पैशांना मात्र हे संरक्षण नाही. तिथे विनाकारण मोठी रक्कम ठेवू नका.

मंगळवारी रात्रीही शेअर आले नाहीत, तर बहुधा शॉर्ट डिलिव्हरी असते. समजा कोणीतरी जवळ शेअर नसताना सकाळी विकले, दुपारी भाव अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल मर्यादेला, लागला आणि परत घ्यायला विकणाराच मिळाला नाही. मंगळवारी तो शेअर देऊ शकत नाही. मग एक्स्चेंज त्याच्या खर्चाने ऑक्शनमध्ये शेअर विकत घेतं आणि ते तुम्हाला बुधवारी मिळतात. ऑक्शनमध्येही कोणी विकायला तयार नसेल, तर क्लोज-आउट होऊन शेअरऐवजी पैसे मिळतात.

खरा धोका आज घेऊन उद्या विकणाऱ्यांना आहे. तुम्ही मंगळवारी सकाळीच ते ५० शेअर विकले आणि तुमच्याकडेच आले नाहीत, तर बुधवारी वेळेवर द्यायला तुमच्याजवळ काही नसू शकतं, आणि ऑक्शनचा भुर्दंड तुमच्यावर येऊ शकतो. वारंवार सर्किटला लागणाऱ्या छोट्या कंपन्यांत हे जास्त होतं. तिथे शेअर डिमॅटला जमा झाल्याशिवाय विकू नका.

बुधवारी रात्री सीडीएसएलवर पुन्हा बघा. तरी नसतील तर कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा सेटलमेंट नंबर देऊन ब्रोकरला मेल करा आणि ऑक्शन झालं की क्लोज-आउट, हे लेखी विचारा.