विमा ठेवीला असतो, उसनवारीला नाही

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. मे २०२४ मध्ये एका पी-टू-पी, म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याला कर्जाऊ मिळवून देणाऱ्या, अ‍ॅपवर २ लाख ४० हजार ठेवले. बारा टक्के व्याज, हवे तेव्हा पैसे काढा, असे सांगितले होते. ऑगस्ट २०२४ पासून काढता येत नाहीत, अधूनमधून थोडे जमा होतात. आतापर्यंत १ लाख ५५ हजार आले. अ‍ॅप रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेले आहे, तेव्हा पाच लाखांचा विमा मिळेल ना? अजून किती थांबावे? शिवाय एका सहकारी बँकेच्या दोन शाखांत माझ्या एकट्याच्या नावावर तीन-तीन लाखांच्या एफडी आहेत, ८ टक्क्यांच्या. त्यातली एक मोडून १३ टक्क्यांच्या दुसऱ्या अ‍ॅपवर टाकू का?

उत्तर : सर, विमा मिळणार नाही. आणि थांबू तर अजिबात नका, कारण तुमच्या प्रकरणात आता सगळं तारखेवर अडलं आहे.

‘मान्य आहे’ या चौकोनात टिचकी मारून तुम्ही जो करार केला, तो ई-मेलमध्ये पडला असेल. आता तरी उघडा. त्यात तुम्हाला ठेवीदार नव्हे, ‘धनको’ म्हटलेलं असणार. कर्जदाराने पैसे बुडवले तर सगळा तोटा धनकोचा, प्लॅटफॉर्मची कसलीही हमी नाही, असंही कलम असेल. तुमचे २ लाख ४० हजार अ‍ॅपकडे नव्हतेच. त्यांचे तुकडे होऊन ते अनोळखी लोकांना उसने गेले. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या निर्देशांत या कंपन्यांना मध्यस्थ म्हणून परवानगी दिली, ती स्वतः ठेवी घ्यायच्या नाहीत आणि कर्जाची हमी द्यायची नाही या अटींवर. म्हणजे ज्या नोंदणीचा तुम्हाला आधार वाटतो, तीच नोंदणी सांगते की ही ठेव नाही. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण फक्त बँकांतल्या ठेवींना आहे. पतसंस्थेच्या ठेवीलाही ते नाही, हे जळगावकरांना मी नव्याने सांगायला नको.

मग ‘हवे तेव्हा काढा’ कसं चालायचं? कर्जदार दोन-तीन वर्षांत फेडणार आणि तुम्हाला पैसे उद्या हवेत, तर तुमच्या वाट्याची कर्जं नव्या धनकोच्या गळ्यात घालायची आणि त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. ठरावीक मुदतीला खात्रीचा परतावा किंवा हवी तेव्हा रक्कम परत, असा गुंतवणुकीचा मुखवटा लावून हे विकता येणार नाही, असं बजावलं. नवे लोक येईनासे झाले आणि बाहेर पडायचं दार मिटलं. आता तुमच्या खात्यात जे थेंब पडतात ते कर्जदारांचे हप्ते आहेत.

कर्ज बुडालं म्हणून प्लॅटफॉर्मला धरता येणार नाही. खोटं सांगून सेवा विकली म्हणून मात्र धरता येईल, आणि त्याची जागा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. पैसे काढायची तुमची विनंती पहिल्यांदा कधी फिरली? ऑगस्ट २०२४. म्हणजे मुदत ऑगस्ट २०२६. कस्टमर केअरच्या ‘लवकरच होईल’ या उत्तरांनी ती वाढत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण तिच्यासाठी सबळ कारण लागतं आणि ‘वाट बघत होतो’ हे कारण मी तरी लिहून देणार नाही. माझ्याकडे असेच एक गृहस्थ आले होते. मुदत टळली होतीच, शिवाय मधल्या काळात फोन बदलल्यामुळे ‘केव्हाही काढा’ लिहिलेले सगळे स्क्रीनशॉट गेले होते. अ‍ॅपवर आता तो मजकूर सापडेना.

तक्रार तुम्हाला जळगावातच करता येते, ऑनलाइनही करता येते. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. निकालाची खात्री मात्र देत नाही. तुम्ही नफ्यासाठी पैसे लावले, ग्राहक नव्हेच, असा बचाव ते घेतील आणि आयोगाला तो कितपत पटेल हे कागदांवर ठरेल. कायद्यात शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. आम्ही वकील ते वाचून गालात हसतो.

तक्रारीआधी कंपनीला ई-मेलने कर्जनिहाय उतारा मागा : प्रत्येक कर्जाची मूळ रक्कम, शिल्लक मुद्दल, शेवटचा हप्ता कधी आला, किती दिवस थकला. उरलेले ८५ हजार सगळेच बुडाले असं नाही. वेळेवर हप्ता येणाऱ्या कर्जांचे पैसे येत राहतील. या कर्जांची कमाल मुदत ३६ महिने असते, तेव्हा मे २०२४ ची कर्जं फार तर मे २०२७ पर्यंत संपायला हवीत. नव्वद दिवसांहून जास्त थकलेला भाग वेगळा काढा, खरा धोका तिथे आहे. एकेका कर्जदारावर दावा लावायचा विचार सोडा. हजार-दोन हजारांच्या वसुलीसाठी वकिलाचा जायचा-यायचा खर्चही निघत नाही.

आता एफडी. पाच लाखांची मर्यादा एफडीगणिक नाही आणि शाखेगणिकही नाही. एका बँकेत एकाच हक्काने ठेवलेलं सगळं, मुद्दल आणि व्याज मिळून, एकत्र मोजतात. तुमचे सहा लाख वर्षअखेर साधारण साडेसहा लाख होतील, म्हणजे दीड लाख उघड्यावर. वारस नोंदवल्याने यात फरक पडत नाही. पण एक एफडी तुमच्या आणि पत्नीच्या संयुक्त नावावर केली, तर ती वेगळ्या हक्काची ठेव धरली जाते आणि दोन्ही एफडी पाच-पाच लाखांच्या आत बसतात. एफडी मोडावी लागते की नुसतं नाव जोडता येतं ते शाखेत विचारा. मात्र हे आत्ताच करायचं. बँकेवर निर्बंध लागले की त्या दिवशीची स्थिती धरतात. ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंधांनंतर विम्याची रक्कम एरवी ९० दिवसांत मिळते. पाच लाखांवरच्या रकमेला असा वायदा नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि तिथल्या मोठ्या ठेवीदारांना वरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळायची योजना हाती पडली.

आणि ते १३ टक्के? तीन लाखांवर एफडीपेक्षा वर्षाला १५ हजार जास्त. उसन्या दिलेल्या शंभर रुपयांतले पाच बुडाले की ही जास्तीची कमाई संपली, प्लॅटफॉर्मचं शुल्क धरायच्या आधीच. थकबाकीचे आकडे या कंपन्यांना वेबसाइटवर द्यावे लागतात, ते बघा. पण नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. कंपनी भराभर नवी कर्जं देत असेल तर थकायला वेळच न मिळालेली कर्जं भाजकात भरतात आणि टक्का लहान दिसतो. वर्षापूर्वी दिलेल्या कर्जांपैकी आज किती थकली आहेत, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर एफडी आहे तिथेच राहू द्या आणि त्या शाखेत संयुक्त नावाचा अर्ज भरून या. मात्र आज रात्री आधी जुन्या अ‍ॅपचे सगळे मेसेज, करार आणि बँकेतून गेलेल्या रकमांच्या नोंदी स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा.