साहेबांचं शिफारसपत्र : वाचकांची प्रश्नोत्तरे

दिवाळी जवळ आली की बडोद्याच्या आसपास मकरपुरा, सावली, हालोल इथल्या कारखान्यांतून एकाच धर्तीचे प्रश्न येऊ लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच मास्टर्स अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. मार्कशीट, परीक्षा, फी सगळं वेळेवर होतं आणि साहेबांचं पत्र मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. निवडक प्रश्न घेतले आहेत.

माझ्या हाताखालच्या ज्युनिअर इंजिनीअरसाठी पत्र लिहायचं आहे. किती पानांचं असावं? (एक व्यवस्थापक, मकरपुरा)

एक पान, फार तर दीड. कंपनीच्या लेटरहेडवर, खाली सही, तारीख, हुद्दा आणि कंपनीचा ईमेल.

डायरेक्टरसाहेब मला फक्त नावानं ओळखतात. त्यांची सही घेतली तर वजन पडेल ना? (अलकापुरी)

नाही. ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं त्यांच्याकडूनच पत्र घ्या.

साहेब म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." लिहून देऊ का? (दांडिया बाजार)

देऊ नका. हा प्रश्न दर वर्षी सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साहेबांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांना वेळ नसतो आणि पत्रात नेमकं काय लिहायचं ते माहीत नसतं. पण शिफारसपत्राची सगळी किंमत यात आहे की दुसऱ्या एका जाणत्या माणसानं तुम्हाला जोखलं आहे. "माझ्या हाताखाली आलेल्या मुलांत हिचा नंबर कितवा," हे तुम्ही स्वतः लिहूच शकत नाही. लिहिलंत तर ते खोटं असतं. शिवाय तुमचं उद्दिष्टपत्र आणि दोन साहेबांची दोन पत्रं एकाच फाइलमध्ये, एकच माणूस, एकाच बैठकीत वाचतो. तिन्हींत तीच लाडकी विशेषणं, त्याच लांबीची वाक्यं, तीच स्वल्पविरामाची चूक दिसली की त्याला दुसरा पुरावा लागत नाही. काही विद्यापीठं तर अर्जदारानं मसुदासुद्धा करू नये असं स्पष्ट लिहितात, आणि खोटी माहिती उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मग साहेबांची अडचण कशी सोडवायची? त्यांना पत्र देऊ नका, टिपण द्या. एका पानाचं. वर तुम्ही कधी रुजू झालात, कोणत्या पदावर, त्यांच्या हाताखाली किती महिने. मग तुमची तीन कामं: कधी केलं, काय अडलं होतं, त्यात तुमचा वाटा कोणता आणि दुसऱ्यांचा कोणता, शेवटी आकडा कुठून कुठे गेला. खाली अभ्यासक्रमांची नावं, तोच विषय का घेताय याच्या चार ओळी आणि प्रत्येक विद्यापीठाची शेवटची तारीख. टिपणात एकही विशेषण नको. "उत्कृष्ट" ठरवणं त्यांचं काम आहे.

हे टिपण घेऊन त्यांच्याकडे वीस मिनिटं मागा आणि समोर बसा. तीनपैकी कोणतं काम त्यांच्या लक्षात आहे ते त्यांना बोलू द्या. इंग्रजी लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी गुजरातीत किंवा मराठीत सांगावं, ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी इंग्रजीत टाइप करावं आणि साहेबांनी वाचून दुरुस्त करावं. टाइप करणारे तुम्ही नसावं, एवढंच. साधं, थोडं खडबडीत इंग्रजी चालतं. इतकं करूनही साहेब ऐकत नसतील तर दुसरे वरिष्ठ शोधा, आणि शंका असेल तर त्या विभागाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून नियम विचारून घ्या.

"ती मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक आहे" असं मी लिहिलंय. पुरेसं आहे ना? (क्वालिटी मॅनेजर, हालोल)

नाही. हे वाक्य तिच्या शेजारी बसणाऱ्याबद्दलही तसंच लिहिता येईल. तिनं एकटीनं सोडवलेली एखादी अडचण निवडा आणि ती सावकाश सांगा.

समजा तुमचं युनिट व्हॉल्व बनवतं, आणि एका लहान साइजमध्ये हायड्रो टेस्टला शंभरातले सात नग सीटमधून गळत होते. सगळ्यांनी बोट ठेवलं लॅपिंगवर. तिनं तीन आठवडे प्रत्येक गळक्या नगाची नोंद ठेवली: मशीन, पाळी, ऑपरेटर, फिक्स्चर. गळती ऑपरेटर बदलला तरी राहत होती, लॅपिंग दुसऱ्याकडे दिलं तरी राहत होती. फिक्स्चर बदललं की मात्र थांबत होती. मग तिनं तोच सीट दोनदा डायल गेजनं तपासला, एकदा बॉडी क्लॅम्पमध्ये असताना आणि एकदा सोडल्यावर. क्लॅम्पमध्ये सपाट असलेला सीट सोडल्यावर सपाट राहत नव्हता. पातळ भिंतीची बॉडी जास्त आवळल्यानं किंचित वाकत होती, त्या वाकलेल्या अवस्थेत सीट मशीन होत होता, आणि सोडल्यावर बॉडी मूळ आकाराला येताना सीट बिघडत होता. मेंटेनन्सच्या सहकाऱ्यानं टॉर्क रेंच लावून आवळण्याची मर्यादा ठरवली. दोन महिन्यांनी शंभरात दोन नग उरले.

पत्रात फक्त "रिजेक्शन सातावरून दोनावर आणलं" असं लिहिलंत तर अर्धं हातचं जाईल. प्राध्यापकाला हे वाचायचं असतं की तिनं सगळ्यांचं तयार उत्तर मान्य केलं नाही, खरं कारण वेगळं काढण्यासाठी मोजमापाची पद्धत स्वतः ठरवली, आणि मग निष्कर्ष काढला. संशोधनाला लागतं ते हेच. टॉर्क रेंचची कल्पना सहकाऱ्याची होती हेही लिहा. त्यानं तिचं काम कमी होत नाही, तुमच्या शब्दावरचा विश्वास वाढतो. एक उणीवही खरी लिहा. उदाहरणार्थ, तिचा पहिला रिपोर्ट आठ पानांचा होता आणि निष्कर्ष शेवटच्या पानावर. सांगितल्यावर पुढचा रिपोर्ट एका पानात आला, निष्कर्ष पहिल्या ओळीत. "अति परिश्रम हाच तिचा दोष" हे कृपा करून लिहू नका.

ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर पत्रात नको. आकडे बाहेर द्यायची परवानगी नसेल तर "दोन तृतीयांशाहून जास्त घट" एवढं पुरतं. पाठवण्याआधी एचआरला किंवा कंपनीच्या कायदेशीर सल्लागाराला एकदा विचारा.

विद्यापीठाच्या पोर्टलवर "वरच्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, 25 टक्क्यांत" असे चौकोन येतात. मी सगळीकडे पहिला चौकोन टिक करतो. बरोबर ना?

चूक. आधी तुलना कुणाशी ते ठरवा. तुमच्या हाताखाली आजवर 14 ट्रेनी आले असतील तर त्यांतला पहिला आला तरी तो वरच्या 7 टक्क्यांत येतो, 5 टक्क्यांत बसतच नाही. दुसरा आला तर 14 टक्क्यांत, म्हणजे 25 च्या चौकोनात. पत्रात "14 पैकी दुसरी" आणि फॉर्मवर "वरच्या 5 टक्क्यांत" असं असेल तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. विश्लेषणात दुसरा चौकोन, लेखनात तिसरा, असं जे असेल ते टिक करा. जे तुम्ही पाहिलंच नाही, तिथे "सांगता येत नाही" हा पर्याय बहुधा असतो. तो वापरायला संकोच करू नका.

कन्सल्टन्सीवाले म्हणतात, तीन पत्रं पॅकेजमध्येच आहेत. मॅनेजरच्या नावानं जीमेल आम्हीच काढतो. चालतं का? (कारेलीबाग)

अजिबात चालत नाही. दुसऱ्याच्या नावानं ईमेल काढून त्याच्या वतीनं पत्र चढवणं ही सरळ बनवाबनवी आहे, आणि "सगळेच करतात" हे त्यावरचं उत्तर नव्हे. पकडले जाल तेव्हा अर्जावर नाव तुमचं असेल, कन्सल्टन्सीचं नाही. त्यांचा साचा एकच असतो, पन्नास मुलांच्या पत्रात फक्त नाव बदलतं, आणि तीच पत्रं त्याच विद्यापीठांत जातात. फी दिली असेल तरी त्यातली पत्रं वापरू नका. पोर्टलवर साहेबांचा कंपनीचाच ईमेल द्या. छोट्या कंपनीला स्वतःचं डोमेन नसेल तर साहेबांचा खरा वैयक्तिक ईमेल द्या, आणि तो चालेल का हे विद्यापीठाला आधी विचारा.

अमेरिकेच्या फॉर्ममध्ये "पत्र पाहण्याचा हक्क सोडता का" असं विचारलंय. हक्क कशाला सोडायचा?

सोडा. 1974 च्या अमेरिकी कायद्यानं हा हक्क तिथे प्रवेश घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळतो. नुसता अर्ज केलेल्याला तो मिळतच नाही. हक्क सोडला की लिहिणारा मोकळेपणानं लिहितो, आणि वाचणाराही त्या पत्राला जास्त मानतो. साहेब काय लिहितील याची धास्ती वाटत असेल तर ते पत्रासाठी योग्य माणूस नाहीत.

आत्ता सांगितलं तर इन्क्रिमेंट जाईल, म्हणून डिसेंबरमध्येच विचारणार आहे. ठीक ना?

ठीक नाही. मुदतीच्या सहा ते आठ आठवडे आधी विचारा. डिसेंबरमध्ये साहेबांकडे डिस्पॅचची घाई आणि सुट्ट्या असतात. त्या घाईत लिहिलेलं पत्र चार ओळींचं येतं. इन्क्रिमेंटची भीती खरी असेल तर आधीच्या कंपनीतले वरिष्ठ किंवा आता दुसऱ्या विभागात गेलेले जुने साहेब यांना विचारा. त्यांनी तुमचं काम सहा महिने तरी जवळून पाहिलेलं हवं. नोकरीच्या करारात बॉण्ड असेल तर त्याची कलमं आधी एखाद्या वकिलाला दाखवा.

साहेबांना पत्र चढवायची लिंकच आली नाही.

आधी त्यांचं स्पॅम पाहा, मग कंपनीच्या आयटीला विचारा; परदेशी पोर्टलचे ईमेल कधीकधी सर्व्हरवरच अडतात. तरी नसेल तर अर्जाच्या पानावरून स्मरणपत्र पुन्हा पाठवा. हे मुदतीच्या निदान दहा दिवस आधी करा, म्हणजे ईमेल पत्ता बदलायची वेळ आली तरी हातात दिवस उरतात.