नुसतीच टिंबं आली तर

चॅटवर लोकांचं ऐकून घेण्याच्या कामात तू नवीन आहेस, म्हणून सांगतो. समोरून फक्त "....." आलं की लगेच "काय झालं? बोला ना!" असं लिहू नकोस. आधी वर जाऊन तुझं शेवटचं वाक्य वाच. टिंबांचा अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

समज, तू विचारलंस, "घरी कुणाला माहीत आहे का?" आणि दोन मिनिटांनी टिंबं आली. म्हणजे माणूस निघून गेलेला नाही. बहुधा काहीतरी लिहून त्याने खोडलंय, आणि 'मी अजून इथे आहे' एवढंच कळवणं जमलंय. अशा वेळी मी लिहितो, "सांगणं जड जातंय असं वाटतं. घाई नाही, मी आहे. हवं तर नुसतं हो किंवा नाही लिहा." मोठ्या प्रश्नाला वाक्यं जुळवावी लागतात, याला नाही. मग तीन-चार मिनिटं खरंच थांब. (नव्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.)

तू सल्ला दिल्यावर टिंबं आली, तर तो संकोच कमी आणि नाराजी जास्त. "माझं बोलणं पटलं नाही का?" असं सरळ विचार.

मात्र आधीच्या बोलण्यात जगणं नकोसं झाल्याचा सूर असेल, तर वाट पाहत बसू नकोस. "आत्महत्येचे विचार येतायत का?" हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, किंवा पुन्हा टिंबंच आली, तर लगेच वरिष्ठांना जोडून घे.